तीच ओळ, दर वेळी नवी : खिडकीतल्या संध्याकाळचे भावगीत

१९३०च्या दशकात ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि भावगीत घराघरांत पोचले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. एवढ्या वेळात गोष्ट सांगायला गेले तर सूर रेंगाळायला जागाच राहत नाही. म्हणून एक ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे एवढाच संसार या गीताला पुरला. घटना घडत नसतानाही असे गीत पुढे कसे सरकते, हे पाहायला खिडकीपाशी बसलेल्या माणसाची संध्याकाळ हा चांगला विषय आहे. त्यासाठी एक छोटे गीत इथेच रचून पाहू.

खिडकीपाशी सांज थांबली
अजुन घरी ना वात लावली

ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाच्या दोन, असे मोजले की प्रत्येक ओळ आठ अधिक आठ अशी सोळा मात्रांची भरते. त्यासाठी ‘अजून’चा ‘अजुन’ केला आहे; गीताला तेवढी मोकळीक असते. आठ मात्रांच्या केरव्यात ही ओळ दोन आवर्तनांत सहज बसते. दोन्ही ओळी दीर्घ ईकारावर संपतात, त्यामुळे शेवटचा स्वर गायकाला हवा तेवढा लांबवता येतो. ओळीच्या शेवटी ‘वाट’, ‘दाट’ असे व्यंजनावर मिटणारे शब्द आले असते, तर हा विसावा इतका सहज मिळाला नसता.

आता अंतरा. पहिल्या झटक्यात सुचणाऱ्या ओळी बहुधा अशा असतात : ‘आज तयाची गाडी चुकली’, ‘मन हे माझे उदास झाले’. मात्रा दोन्हींच्या चोख आहेत, तरी दोन्ही खोडाव्या लागतात. गाडी आली की ऐकणारा विचारू लागतो : कोणाची गाडी, कुठून येणार होती, मग तो आला का? त्याचे मन संध्याकाळ सोडून माहितीच्या मागे लागते. दुसऱ्या ओळीत भावनेचे नावच सांगून टाकले आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला स्वतः काही जाणवायला उरत नाही. म्हणून खिडकीतून जे दिसते आणि ऐकू येते, तेवढेच ठेवू.

परसामधली तुळस सावळी
दूर कुणाची हाक कोवळी
निळी वाट ही कुठे लांबली
खिडकीपाशी सांज थांबली

हाक कोणाची ते सांगितलेले नाही, म्हणून प्रत्येकाला ती आपल्या ओळखीची वाटू शकते. तिसऱ्या ओळीचे काम वेगळे आहे. ‘लांबली’ हे यमक घेऊन ती गाणे पुन्हा ध्रुवपदाच्या दारात आणून सोडते. वाट लांबत गेलेली ऐकल्यावर सांज थांबली, यात कोणीतरी वाट पाहत असल्याची चाहूल लागते. पहिल्यांदा तीच ओळ केवळ दृश्य होती.

दुसऱ्या अंतऱ्यात नजर आत वळते.

भिंतीवरला उजेड सरला
हात गजावर तसाच उरला
घरभर झाली एक सावली
अजुन घरी ना वात लावली

घड्याळ फार पुढे गेलेले नाही, फक्त उजेड थोडा ओसरला आहे. पण सुरुवातीला ‘वात लावली नाही’ हे साधे वर्णन होते. आता सारे घर अंधारले तरी हात गजावरून निघत नाही, आणि तीच ओळ मनाची अवस्था सांगू लागते. कथेत प्रसंग बदलतात. इथे प्रसंग तोच राहतो आणि ओळीचा भार वाढत जातो.

चाल बांधणाऱ्यालाही हेच सांभाळावे लागते. संध्याकाळच्या मारवा रागात पंचम नाही, रिषभ कोमल आहे आणि षड्जावर येणे लांबवले जाते, म्हणून त्यात हुरहूर टिकून राहते. भावगीतात सबंध राग मांडायची गरज नसते. त्याची छटा पुरते. मात्र दोन अंतऱ्यांमध्ये वाद्यांचा झगमगाट झाला, तर ऐकणारा खिडकी विसरतो आणि परत आलेले ध्रुवपद नुसते घोळवलेले वाटते.

असे गीत लिहून झाले की दोन्ही अंतऱ्यांची अदलाबदल करून वाचावे. काहीच बिघडले नाही, तर भाव जागच्या जागी राहिला आहे. वरच्या गीतात दुसरा अंतरा आधी आणला, तर घर अंधारल्यानंतर तुळस आणि निळी वाट दिसू लागतात, आणि वात न लावण्याचा अर्थ उमलण्याआधीच सांगून होतो. क्रम असा मोडत असेल, तर कथानक नसलेल्या गीतालाही चढण आहे असे समजावे.