वनकायदा आणि बस्तरचा भूमकाल

रेल्वेच्या स्लीपरांसाठी साल-सागाची बेसुमार तोड झाली. लाकडाचा पुरवठा टिकवण्यासाठी १८७८ च्या कायद्याने उत्तम जंगले ‘राखीव’ ठरवली. परीक्षेतल्या उत्तरात मात्र जंगलतोडीचा दोष अनेकदा फिरत्या शेतीवरच टाकला जातो. तो अन्याय आहे. १९०५ मध्ये बस्तरचे दोन तृतीयांश जंगल राखीव करून फिरती शेती, शिकार, वनोपज गोळा करणे थांबवण्याचा प्रस्ताव आला. त्यात दुष्काळ, वाढीव सारा आणि वेठबिगारीची भर पडली. १९१० मध्ये आंब्याच्या डहाळ्या, मिरच्या, बाण गावोगाव फिरले आणि उठाव पेटला. नेथानारचा गुंडाधूर त्यातला प्रमुख. सैन्याने उठाव चिरडला, तो हाती लागला नाही. राखीव क्षेत्र मात्र नियोजनाच्या सुमारे निम्म्यावर आणावे लागले.