सहा वाटांचा आवाज आणि टीव्हीमागची तार

५.१ या आकड्यातले ५ म्हणजे आवाजाची पाच चॅनेल: पडद्याच्या डावीकडचे, मधले, उजवीकडचे आणि प्रेक्षकाच्या दोन बाजूंची दोन. उरलेला .१ फक्त खर्जाचा. हे चॅनेल साधारण १२० हर्ट्झपर्यंतच चालते, तर बाकीची पाच २०,००० हर्ट्झपर्यंत जातात. काटेकोर हिशेबाने तिथे ०.००६ लिहायला हवे. ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होल्मन यांनी १९८७ मध्ये तो आकडा .१ असा सुटसुटीत केला आणि तोच रूढ झाला.

या सहा चॅनेलना जागेची अडचण पहिल्यापासून आहे. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर चित्रपटगृहात आले, तेव्हा फिल्मच्या पट्टीवर चित्र आणि जुना ध्वनिपट्टा यांनी जवळजवळ सगळी जागा घेतलेली होती. मग सहा चॅनेलचा आवाज बारीक ठिपक्यांच्या चौकोनांत बसवून फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या फटीत छापला गेला. पुढच्याच वर्षी ‘ज्युरासिक पार्क’साठी डीटीएसने वेगळी वाट काढली: आवाज सीडीवर ठेवला आणि फिल्मवर केवळ वेळेची खूण. दोन्ही युक्त्या अफलातून होत्या. घरातल्या टीव्हीमागेही आज तोच जागेचा प्रश्न उभा असतो.

टीव्हीची ऑप्टिकल तार मुळात दोन चॅनेलच्या आवाजासाठी घडवलेली आहे. न आवळलेल्या आवाजाच्या, म्हणजे पीसीएमच्या, एका चॅनेलला सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येकी १६ बिट लागतात. दोन चॅनेलचे होतात सेकंदाला सुमारे १५ लाख बिट. सहा चॅनेलना ४६ लाख लागतील, ते त्या तारेत मावत नाहीत. डॉल्बी डिजिटल मात्र मोठ्या आवाजाखाली दबून कानाला ऐकू न येणारा तपशील गाळते आणि डीव्हीडीवर तेच सहा चॅनेल साडेचार लाखांच्या आत बसवते. अंथरलेल्या सहा गाद्या जिन्यातून नेता येत नाहीत, पण त्यांची एक वळकटी सहज जाते, तसेच हे. मात्र वळकटी सोडायची ती रिसीव्हरने. टीव्हीने ती न उघडता पुढे सरकवायची. याला पासथ्रू म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज PCM वर ठेवला, तर टीव्ही वळकटी वाटेतच सोडतो आणि सहा चॅनेलची दोन करूनच पुढे पाठवतो.

एचडीएमआयमधली एआरसी सोय २००९ ची. तिची वाट ऑप्टिकलपेक्षा फारशी रुंद नाही, पण तिच्यातून डॉल्बी डिजिटल प्लसही जाते. टीव्हीवरच्या ॲपमधला ॲटमॉस याच प्रकारात गुंडाळलेला असतो, त्यामुळे टीव्ही आणि रिसीव्हर दोघांना तो कळत असेल तर एआरसीवरूनही पोचतो. ब्लू-रेवरचा ट्रूएचडी काहीच गाळत नाही. त्या जाड वळकटीला ईएआरसीच लागते. तिची क्षमता सेकंदाला ३ कोटी ७० लाख बिट आहे. डीटीएसबाबत सावध राहावे, कारण काही टीव्ही ते पुढे सोडतच नाहीत.

सर्वांत फसवी अडचण वेगळीच असते. ब्लू-रे प्लेअर टीव्हीला जोडला आहे आणि टीव्हीतून ऑप्टिकल तार जुन्या रिसीव्हरकडे गेली आहे, असे समजू. एचडीएमआय जोडताच टीव्ही प्लेअरला आपल्याला चालणाऱ्या आवाजांची यादी कळवतो. तिला ईडीआयडी म्हणतात. काही टीव्ही त्या यादीत दोन चॅनेलचा पीसीएम एवढेच सांगतात. प्लेअर मग डिस्कवरचा आवाज स्वतःच दोन चॅनेलवर आणतो. अशा वेळी टीव्हीत Pass Through निवडूनही उपयोग होत नाही, कारण बांधलेली वळकटी टीव्हीपर्यंत आलेलीच नसते.

तरीही खोलीतले सगळे स्पीकर वाजत राहतात. दोन चॅनेलचा आवाज सर्व स्पीकरांत पसरवून देण्याची सोय रिसीव्हरमध्येच असते, म्हणून मागून आवाज येतो हा पुरावा धरता येत नाही. रिसीव्हरची खिडकी पाहावी. आत येणाऱ्या आवाजापुढे Dolby Digital किंवा Dolby D+ दिसले, तर वळकटी जशीच्या तशी पोचली. नुसते PCM आणि दोनच चॅनेल दिसत असतील, तर ती वाटेत कुठेतरी सुटली.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे आवाजाच्या वाटेतून टीव्हीला काढणे. प्लेअर रिसीव्हरच्या एचडीएमआयला जोडावा आणि तिथून चित्र टीव्हीकडे न्यावे. रिसीव्हरला एचडीएमआय नसेल आणि प्लेअरला स्वतःची ऑप्टिकल जागा असेल, तर ती तार थेट रिसीव्हरला लावून प्लेअरचा आवाज Bitstream वर ठेवावा. ब्लू-रेवर ट्रूएचडीसोबत साधे डॉल्बी डिजिटलही असावेच लागते, आणि ते या तारेतून सहाही चॅनेलसह जाते.