बाण वाचा, मग स्क्रू आवळा

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये लावायचा फॅन हातात घेतला की लक्ष जाते ते पात्यांकडे आणि त्यातल्या रंगीत दिव्यांकडे. कामाची माहिती मात्र असते चौकटीच्या कडेवर, जिकडे सहसा कोणी बघत नाही. सगळ्यात जास्त खपणारा फॅन १२० मिलिमीटर लांबरुंद आणि २५ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे त्याची प्रत्येक कड ही १२० मिलिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर रुंद अशी पट्टीच झाली. बऱ्याच फॅनवर या चार पट्ट्यांपैकी एकीवर दोन बारीक बाण उमटवलेले असतात. काळ्या प्लॅस्टिकवर काळेच, त्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात ते दिसत नाहीत. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की सावली पडते आणि बाण उठून दिसतात.

हे दोन बाण एकमेकांशी काटकोनात असतात आणि दोघांचे सांगणे वेगळे असते. पट्टीच्या लांबीच्या दिशेने असलेला बाण पाती कुठल्या बाजूने फिरतात ते दाखवतो. पट्टीच्या रुंदीतून, म्हणजे फॅनच्या एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे जाणारा बाण हा वाऱ्याचा. बसवताना उपयोग फक्त याचा. पहिल्यांदाच कॅबिनेट भरणारा माणूस कधी कधी फिरण्याच्या बाणाला वाऱ्याचा बाण समजतो, पण थोडा विचार केला तर ते शक्यच नाही हे कळते. हा फॅन हवा एका तोंडातून घेतो आणि दुसऱ्या तोंडातून सोडतो. चौकटीच्या कडेतून हवा जायला वाटच नसते.

आता बसवायची गोष्ट सोपी होते. वाऱ्याचा बाण कॅबिनेटच्या आत रोखलेला असेल तर तो फॅन बाहेरची हवा आत ओढणार, म्हणजे इनटेक. बाण बाहेर रोखलेला असेल तर आतली गरम हवा बाहेर टाकणार, म्हणजे एक्झॉस्ट. फॅनमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट अशा दोन जाती नसतात. एकच फॅन उलटा फिरवून लावला की त्याचे काम बदलते. काही जण फॅन न उलटवता वायरींची अदलाबदल करून दिशा बदलू पाहतात. पंख्याच्या साध्या खेळण्यात ते चालते, इथे नाही. या मोटरच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. उलटे टोक जोडले तर फॅन उलटा फिरत नाही, फार तर बंद राहतो किंवा जळतो.

बाणच नसलेले फॅनही भरपूर विकले जातात. तिथे मोटरकडे पाहा. मोटर मधोमध टांगून धरायला चौकटीपासून तीन-चार दांड्या आलेल्या असतात आणि त्यातल्या एका दांडीवरून वायर बाहेर येते. नेहमीच्या फॅनमध्ये हवा दांड्या असलेल्या तोंडातून बाहेर पडते आणि पाती उघडी दिसणाऱ्या तोंडातून आत शिरते. व्होल्टेज आणि अँपिअर छापलेले लेबलही बहुधा दांड्यांच्याच बाजूला असते, पण लेबलवर फार विसंबू नये, कारण कंपनीचे चिन्ह उघड्या बाजूलाही चिकटवलेले असते.

घोळ होतो तो दिसण्यापायी. पाती उघडी असलेली बाजू देखणी असते. दांड्या, वायर, लेबल ही सगळी मागची बाजू. जुन्या पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये याने काही बिघडत नसे. पुढच्या जाळीमागचे फॅन देखणी बाजू बाहेर करून लावले की ते आपोआप इनटेक होत. मागचा आणि छतावरचा फॅन देखणी बाजू आत करून लावला की तो एक्झॉस्ट होई, आणि बाजूच्या काचेतून तो चांगलाही दिसे. हौस आणि हवा दोन्ही एकाच दिशेला होत्या.

सध्या मुलांना आवडते ते माशांच्या टाकीसारखे कॅबिनेट. पुढेही काच, बाजूलाही काच. पुढून हवा यायला वाट नाही, म्हणून ताजी हवा घ्यायची ती तळातून आणि मदरबोर्डच्या शेजारच्या उभ्या जाळीतून. समजा, अशा कॅबिनेटमध्ये दहा फॅन आहेत: तळाला तीन, शेजारच्या जाळीवर तीन, छताला तीन आणि मागे एक. मालकाने सगळ्यांची देखणी बाजू आत केली, कारण काचेतून तीच दिसायला हवी. छताचे आणि मागचे चार बरोबर बसले. पण तळाचे आणि शेजारचे सहाही फॅन त्यामुळे हवा बाहेर फेकू लागले. दहाच्या दहा एक्झॉस्ट, आत घेणारा एकही नाही.

असा कॉम्प्युटर बंद पडत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. आतला दाब कमी होतो आणि हवा मिळेल त्या फटीतून घुसते: मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांमधून, यूएसबीच्या तोंडाभोवतून, काचेच्या सांध्यातून. या वाटांवर फिल्टर नसतो, त्यामुळे धूळ थेट आत. सगळ्यात जास्त त्रास ग्राफिक्स कार्डाला. नेहमीच्या आडव्या बसवणीत त्याचे स्वतःचे पंखे खालून हवा ओढतात, आणि नेमके त्याच्या खाली असलेले तीन फॅन तीच हवा तळातून बाहेर खेचत असतात. दोघांची ओढाताण सुरू झाली की कार्ड तापते, त्याचे पंखे वेग वाढवतात आणि गेम सुरू करताच घरघर ऐकू येते. लोक मग आणखी एक फॅन विकत आणतात.

इलाज एवढाच की तळाचे आणि शेजारचे सहा फॅन उलटवायचे, म्हणजे सहा आत आणि चार बाहेर असा हिशेब होतो. आत येणारी हवा थोडी जास्त असलेली बरी. मग फटींमधून हवा बाहेर निसटते आणि धूळ फिल्टरवरच अडकते. मात्र उलटवल्यावर काचेतून दांड्या आणि वायरी दिसू लागतात, आणि इथेच हौशी मालक नाराज होतो. त्याच्यासाठी कंपन्यांनी रिव्हर्स ब्लेडचे फॅन काढले आहेत. त्यांच्या पात्यांचा वळसा उलटा असतो, त्यामुळे हवा दांड्यांच्या बाजूने आत शिरते आणि देखण्या बाजूने बाहेर येते. पैसे थोडे जास्त, पण तळाला आणि शेजारी लावायला हेच योग्य.

पण यामुळे दांड्यांचा नियम मोडला. साधे आणि रिव्हर्स फॅन खोक्यातून काढून टेबलावर एकत्र ठेवले की ओळखू येत नाहीत. बाण असला तर प्रश्नच नाही, तो दोन्हींवर खरे तेच सांगतो. नसला तर पात्याचा बाक पाहावा. प्रत्येक पाते पळीसारखे थोडे खोलगट असते. ज्या तोंडाकडून पाहिल्यावर पात्यांची खोलगट बाजू दिसते, त्या तोंडातून हवा बाहेर पडते. फॅन साधा असो की रिव्हर्स, हे बदलत नाही. माझे मत विचाराल तर खोक्यातून काढल्याबरोबर चांदीच्या शाईच्या मार्करने चौकटीच्या कडेवर ठळक बाण काढून ठेवावा. तीन फॅन ओळीने बसले की त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि छापील बाण मधल्या मध्ये दडून जातो.

बसवून झाल्यावर तपासायचे कसे? बहुतेक जण जाळीसमोर तळहात धरतात. एक्झॉस्टवर वारा लागतो, इनटेकवर काहीच लागत नाही, आणि मग ‘पुढचे फॅन चालतच नाहीत’ अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात जातो. फॅन ठीक असतो. फॅन हवा फेकतो ती झोतासारखी एका दिशेने, पण ओढतो ती चहूबाजूंनी थोडी थोडी, म्हणून हाताला जाणवत नाही. हातापेक्षा टिश्यू पेपरची बोटभर पट्टी बरी. इनटेकच्या जाळीजवळ नेली की ती जाळीला चिकटते, एक्झॉस्टजवळ फडफडत दूर जाते. उदबत्तीच्या धुराने वाट आणखी छान दिसते, फक्त ती कॅबिनेटच्या बाहेरच धरावी. राख मदरबोर्डवर पडायला नको.

आधीपासून चालू असलेल्या कॉम्प्युटरमध्ये तर एवढेही करावे लागत नाही. दोन-तीन महिने वापरल्यावर इनटेकचा फिल्टर काढून उजेडाकडे धरा. त्यावर करड्या धुळीचा थर असायलाच हवा. फिल्टर कोरा आणि मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांच्या कडांवर मात्र धुळीच्या रेघा, असे दिसले तर फिल्टरमागचा फॅन उलटा आहे. स्वच्छ फिल्टर पाहून खूश होणारे बरेच जण भेटतात.

राहिला प्रोसेसरवरचा उभा कूलर. त्याचा फॅन तारेच्या क्लिपने अडकवलेला असतो, त्यामुळे साफसफाई करताना तो निघतो आणि परत लावताना सहज उलटा बसतो. त्याच्या वाऱ्याचा बाण कॅबिनेटच्या मागच्या एक्झॉस्टकडे रोखलेला असावा. उलटा लागला तर कूलर गरम हवा पुढे ढकलतो, मागचा फॅन ती मागे खेचतो आणि तीच हवा प्रोसेसरभोवती घुटमळत राहते. छताच्या बाबतीतही एक बारकावा आहे. छतातला सगळ्यात पुढचा फॅन एक्झॉस्ट ठेवला तर पुढून आलेली ताजी हवा कूलरपर्यंत पोचण्याआधीच तो वरच्या वर बाहेर काढू शकतो. पुढून हवा घेणाऱ्या कॅबिनेटमध्ये ही जागा रिकामी सोडून फक्त मागच्या बाजूचा छताचा फॅन ठेवला, तरी अनेकदा फरक पडत नाही. एक फॅन वाचतो. एसएमपीएसचे मात्र वेगळे आहे. त्याचा पंखा कायमचा बसवलेला असतो आणि हवा मागच्या जाळीतूनच जाते. तळाला फिल्टर असलेली जाळी असेल तर त्याचे पंख्याचे तोंड खाली करावे, एवढेच आपल्या हातात.

दिशा दुरुस्त केल्यावर फरक मोजायचा तर आधी आणि नंतर तोच गेम तेवढाच वेळ चालवून HWiNFO मध्ये तापमान पाहावे, आणि दोन्ही वेळचे खोलीचे तापमानही लिहून ठेवावे. फॅन खोलीतलीच हवा आत घेतो. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी खोलीत ३८ अंश असतील, तर आतला कुठलाच भाग त्याखाली येणार नाही, मग सगळे बाण कितीही बरोबर असोत. जानेवारीतला आकडा मेमधल्या आकड्याशी ताडून फॅनला दोष देणारेही असतात.