टॅप होत नाही? आधी कव्हर उघडून बघा

औषधाच्या दुकानात ३४० रुपयांचं बिल झालं. मी फोन कार्डमशीनवर टेकवला, काहीच झालं नाही. वर-खाली सरकवून पाहिला, तरी मशीन गप्पच. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, कव्हर काढून बघा ना." कव्हर काढलं आणि लगेच बीप वाजला. कव्हराच्या आत दोन वस्तू होत्या: मेट्रोचं कार्ड आणि गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी लावलेली लोखंडी चकती. दोष कव्हराच्या जाडीचा होता, की या दोन वस्तूंचा?

टॅप करून पैसे देताना फोन आणि मशीन एनएफसीने बोलतात. मशीनमध्ये तारेचं एक वेटोळं असतं. त्यातला विद्युतप्रवाह सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा मागेपुढे होतो आणि भोवती तितक्याच वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. फोनच्या पाठीमागेही असंच एक छोटं वेटोळं, म्हणजे अँटेना असतो. तो या क्षेत्रात आला की त्यात वीज निर्माण होते आणि संवाद सुरू होतो. हा संवाद साधारण ४ सेंटिमीटरच्या आतच होतो.

मशीनचं वेटोळं ३ सेंटिमीटर त्रिज्येचं धरू. त्याच्या मध्यावरून सरळ वर गेलं तर ३ मिलिमीटरवर क्षेत्र जेमतेम दीड टक्क्याने कमी होतं. १ सेंटिमीटरवर ते सुमारे ८५ टक्के उरतं, ४ सेंटिमीटरवर मात्र २० टक्क्यांच्या थोडं वर. म्हणजे रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या नुसत्या जाड कव्हराने फारसं बिघडत नाही. अँटेना बाजूला राहिला, तर त्या जाडीची भर जड जाते.

धातूचं वेगळं आहे. बदलतं क्षेत्र धातूत शिरताना त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठवतं आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतात. शिवाय धातू जवळ आल्याने अँटेनाचा सूर बदलतो. रेडिओ स्टेशनवरून थोडा हलावा तसा. चकती, कव्हरावरची धातूची पट्टी, काही बँकांची धातूची कार्डं, सगळ्यांचा परिणाम हाच. चांगली गोष्ट ही, की चकती अँटेनापासून लांब असेल तर तिचा त्रास जाणवत नाही.

मेट्रो कार्डाचा घोटाळा निराळा. तेही टॅपचं कार्ड, त्यामुळे मशीनला एकाच वेळी दोन कार्डं दिसतात. मग मशीन एकच कार्ड दाखवायला सांगतं किंवा व्यवहार सोडून देतं. कधीकधी तर नको त्या कार्डातूनच पैसे जाऊ शकतात.

आपल्या फोनचा अँटेना कुठे आहे, हे घरी शोधता येतं. अँड्रॉइड फोनचं कव्हर काढा, एनएफसी चालू करा, स्क्रीन उघडी ठेवा. टॅपची चार कमानींची खूण असलेलं एखादं कार्ड पाठीवरून सावकाश वरून खाली सरकवा. फोन थरथरेल किंवा आवाज करेल ती जागा लक्षात ठेवा. अनेक फोनांत ती कॅमेऱ्याजवळ सापडते, काहींत पाठीच्या मध्यावर. आयफोनमध्ये वरच्या कडेला असते. मग कार्ड आणि फोनच्या मध्ये स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा धरा. कार्ड ओळखलं जाणार नाही. त्याच जागी वहीची आठ-दहा पानं ठेवलीत, तर ओळखलं जाईल.

दुकानात हीच जागा मशीनवरच्या त्या खुणेला भिडवायची आणि एक-दोन सेकंद स्थिर धरायची. घासून पुढे नेऊ नये.

आता सेटिंग्ज. आधी मशीन काय करतं ते पाहा. ते गप्पच राहिलं, तर अडचण अँटेनाची, कव्हराची किंवा फोनच्या सेटिंग्जची. बीप वाजून मग नकार आला, तर बहुधा कार्डाची. पहिल्या बाबतीत सेटिंग्जच्या शोधात NFC लिहा, ते चालू आहे का बघा आणि Contactless payments मध्ये तुमचंच पेमेंट ॲप निवडलेलं आहे का तेही. फोनला स्क्रीन लॉक हवा आणि टॅप करताना फोन उघडलेला हवा. नुसतं यूपीआय चालू असणं पुरत नाही. कार्ड त्या ॲपमध्ये टॅपसाठी वेगळं नोंदवावं लागतं.

दुसऱ्या बाबतीत बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचे कॉन्टॅक्टलेस व्यवहार सुरू आहेत का आणि मर्यादा किती ठेवली आहे ते पाहा. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून पिनशिवाय टॅपची मर्यादा २,००० वरून ५,००० रुपये केली. त्याहून मोठ्या बिलाला मशीन पिन मागतं. तो बिघाड नव्हे.

माझ्या फोनचा अँटेना कॅमेऱ्याशेजारी निघाला. चकती मी पाठीच्या खालच्या टोकाला सरकवली, मेट्रो कार्ड पाकिटात ठेवलं. जाड रबरी कव्हर तेच आहे, आणि टॅप होतो.