ॲसिटिक आम्लाची मोलीय वाहकता

ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारे आम्ल, पाण्यात विरघळले की त्याच्या फार थोड्या रेणूंचे आयन होतात. बाकीचे रेणू अखंड राहतात आणि वीज वाहून नेण्याच्या कामी येत नाहीत. अशा पदार्थांना सौम्य विद्युत अपघटनी म्हणतात. किती रेणूंचे आयन झाले हे डोळ्यांना दिसत नाही, पण वाहकतेवरून ते मोजता येते.

लिटरमध्ये ०.१ मोल आम्ल असलेले द्रावण शंभरपट विरल केले, तर त्याची वाहकता शंभराव्या भागावर यावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती साधारण दहाव्या भागावरच थांबते. मग खरी तुलना एका मोलच्या हिशेबाने करावी लागते. वाहकतेला संहतीने भागले की मोलीय वाहकता मिळते. २५ अंश सेल्सिअसला ०.१ संहतीच्या द्रावणात ती ५.२० भरते, तर सुमारे ०.००१ संहतीच्या द्रावणात ४८ (एकक: सीमेन्स-चौरस सेंटिमीटर प्रति मोल). पोटॅशियम क्लोराइडसारख्या क्षाराची मोलीय वाहकता मात्र ०.१ संहतीलाच १२९ असते आणि कितीही विरलन केले तरी १५० च्या पुढे जात नाही. त्याचे आयन आधीच सुटलेले असतात. विरलनाने फक्त त्यांची परस्परांतील ओढ कमी होते. ॲसिटिक आम्लातली नऊपट वाढ नव्याने तयार झालेल्या आयनांमुळे असते.

हे आयन का वाढतात? रेणू फुटायला त्याला दुसऱ्या कुणाची गरज नसते. फुटलेले दोन आयन पुन्हा जुळायचे तर मात्र त्यांची गाठ पडावी लागते. पाणी वाढवले की गाठी विरळ होतात, फुटणे पूर्वीच्याच वेगाने चालू राहते आणि समतोल आयनांच्या बाजूला सरकतो. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये हे सूत्रात मांडले: K = cα²/(1 − α). यात c ही संहती, α हा फुटलेल्या रेणूंचा अंश आणि K हा विचरण स्थिरांक.

α काढायला मोजलेल्या मोलीय वाहकतेला अनंत विरलनाच्या मोलीय वाहकतेने, म्हणजे सगळे रेणू फुटले असते तर मिळाली असती त्या किमतीने भागतात. अडचण इथेच येते. क्षाराची किंमत आलेख शून्य संहतीपर्यंत वाढवून मिळते, पण ॲसिटिक आम्लाचा आलेख शून्याजवळ इतका उभा चढतो की तो कुठे टेकेल हे सांगता येत नाही. आणखी विरल करत जाणेही उपयोगाचे नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेल्या पाण्याची स्वतःचीच वाहकता तेव्हा आम्लाच्या वाहकतेशी बरोबरी करू लागते, आणि ती नुसती वजा करूनही भागत नाही, कारण आम्लाच्या सान्निध्यात पाण्यातल्या कार्बनिक आम्लाचे विचरण दबते.

वाट कोलराउश यांच्या नियमाने निघते. अनंत विरलनाला प्रत्येक आयन आपला वाटा स्वतंत्रपणे देतो. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल (४२५.९) आणि सोडियम ॲसिटेट (९१.०) यांची बेरीज करून त्यातून सोडियम क्लोराइड (१२६.४) वजा केले, की ३९०.५ उरतात. तिन्ही पदार्थ पूर्ण फुटणारे असल्याने त्यांच्या किमती भरवशाच्या असतात.

आता ०.१ संहतीसाठी α = ५.२० ÷ ३९०.५ = ०.०१३३, म्हणजे शंभरातला जेमतेम सव्वा रेणू फुटलेला. सूत्रात घातल्यावर K = १.८० × १०⁻⁵. मॅकइन्स आणि शेडलोव्स्की यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काटेकोर मापनांत ०.००१०२८ संहतीला मोलीय वाहकता ४८.१५ आहे. तिथे α = ०.१२३, म्हणजे फुटलेल्यांचे प्रमाण नऊपट झाले, तरी K येतो १.७८ × १०⁻⁵. इतक्या फरकाच्या दोन द्रावणांतून जवळजवळ एकच आकडा मिळणे हाच सूत्राचा खरा पुरावा आहे.

प्रयोगात वाहकता प्रत्यावर्ती विजेवर मोजतात, कारण एकदिश वीज दिली तर इलेक्ट्रोडपाशी अपघटन होऊन द्रावणच बदलते. तापमान एका अंशाने वाढले तर वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून पात्र स्थिर तापमानाच्या पाण्यात ठेवावे लागते. K प्रत्येक विरलनागणिक एकाच दिशेने मोठा होत गेला, तर पहिला संशय पाण्याच्या शुद्धतेवर घ्यावा.

१.८० आणि १.७८ यांच्यातला बारीक फरक मात्र मापनातली चूक नव्हे. थोडे असले तरी आयन एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांचा वेग आणि जुळण्याची प्रवृत्ती किंचित बदलते. ही ओढ हिशेबात धरली की सर्व संहतींना K १.७५ × १०⁻⁵ वर येऊन ठेपतो. हायड्रोक्लोरिक आम्लाला हे सूत्र लावले तर K स्थिर राहतच नाही. तिथे वाहकतेतला बदल विचरणाचा नसतो, आयनांच्या ओढीचा असतो.