४५ संधींवर किती भिस्त ठेवायची?

१९७० च्या अमेरिकी बेसबॉल हंगामात रॉबर्टो क्लेमेंटेने पहिल्या ४५ संधींत १८ हिट मारले. मॅक्स आल्विसला तेवढ्याच संधींत ७ जमले. उरलेल्या हंगामात दोघे कसे खेळतील? ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी असे १८ खेळाडू अभ्यासाला घेतले होते.

एक रीत अशी, की खेळाडूची क्षमता किती धरली तर हेच आकडे येण्याची शक्यता सर्वांत जास्त ठरते, ते शोधायचं. हे मॅक्झिमम लाइकलीहूड. उत्तर येतं साधा भागाकार: क्लेमेंटे ०.४००, आल्विस ०.१५६. पण १९४१ मधल्या टेड विल्यम्सनंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये हंगामभर ०.४०० कोणालाच राखता आलेली नाही. ही माहिती आपल्याला आधीपासून आहे, आणि या रीतीत तिला जागाच नाही.

दुसरी रीत ती जागा देते. मोठ्या लीगमधला खेळाडू साधारण चार संधींत एक हिट मारतो, ही आपली पूर्वधारणा, म्हणजे प्रायर. तिचं वजन १०० काल्पनिक संधी आणि त्यांत २५ हिट एवढं धरू. मग क्लेमेंटेचे ४३ भागिले १४५, म्हणजे ०.२९७; आल्विसचे ३२ भागिले १४५, म्हणजे ०.२२१. हा ‘मॅप’ अंदाज: आकडे आणि पूर्वधारणा मिळून सर्वांत शक्य ठरणारी क्षमता.

प्रत्यक्षात उरलेल्या हंगामात आल्विस ०.२०० वर राहिला. अंदाजातली चूक निम्म्याहून कमी झाली. क्लेमेंटे मात्र ०.३४६ खेळला आणि दुसरी रीत जेमतेमच सरस ठरली. कारण उघड आहे. त्याआधी चार वेळा लीगमध्ये सर्वोच्च सरासरी गाठलेल्या माणसाला आपण सर्वसाधारण खेळाडूची पूर्वधारणा लावली. चुकीचा प्रायर अंदाजाला चुकीकडेच ओढतो. संधी वाढल्या की मात्र ही ओढ सैल पडते: ४५० संधींत १८० हिट असते, तर हाच प्रायर धरून ०.३७३ आलं असतं.

आता रेग्युलरायझेशन. मॅपमध्ये आकड्यांची शक्यता आणि प्रायर यांचा गुणाकार असतो. त्याचा लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, आणि प्रायरचा भाग चुकीच्या हिशेबात दंड म्हणून येऊन बसतो. समीकरणातले गुणांक शून्याच्या आसपास, घंटेच्या आकाराच्या वक्रात पसरलेले मानले, तर दंड त्यांच्या वर्गांच्या बेरजेचा असतो:

Σ(y − ŷ)² + λΣw², λ = σ²/τ²

यालाच रिज रिग्रेशन म्हणतात. होर्ल आणि केनार्ड यांनी ते मांडलं तेही १९७० मध्येच. इथे σ² हा आकड्यांमधला गोंगाट आणि τ² हा गुणांकांना दिलेला मोकळेपणा. म्हणजे आकडे जितके गोंगाटाचे, तितका दंड कडक. वक्राऐवजी शून्यावर टोकदार शिखर असलेला लाप्लास प्रायर घेतला, तर दंड वर्गांऐवजी निव्वळ मापांचा होतो आणि बरेच गुणांक थेट शून्य होतात. हा लासो.

σ आणि τ सहसा माहीत नसतात. म्हणून काही आकडे बाजूला ठेवून λ च्या निरनिराळ्या किमती त्यांवर तपासतात. शिकलेल्या आकड्यांवर चूक कमी आणि बाजूच्या आकड्यांवर पुष्कळ जास्त दिसली, तर λ अपुरा आहे. दोन्हीकडे सारखीच मोठी दिसली, तर बहुधा तो जास्त झाला आहे.