बाण कुठून निघाला?

ब्रिटनच्या ए-लेव्हल रसायनशास्त्रात प्रोपीन आणि HBr यांची अभिक्रिया वाकड्या बाणांनी दाखवायला सांगतात. बाण म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रवास. या प्रश्नाला बहुधा चार गुण असतात: तीन बाणांचे तीन आणि मधल्या धनप्रभारित कणाचा एक.

पहिला बाण दुहेरी बंधातून निघून हायड्रोजनवर टेकतो आणि दुसरा H–Br बंधातून ब्रोमीनकडे जातो. मग धनप्रभार मधल्या कार्बनवर येतो. ब्रोमाइडवरच्या इलेक्ट्रॉनजोडीतून निघालेला तिसरा बाण त्या कार्बनवर पोहोचतो आणि 2-ब्रोमोप्रोपेन तयार होते.

हमखास चूक पहिल्याच बाणाला होते. हायड्रोजन जाऊन चिकटतो, म्हणून मुलं बाण हायड्रोजनपासून काढतात. पण द्यायला इलेक्ट्रॉन असतात ते दुहेरी बंधाकडे! तो गुण गेला, तरी बाकीचे तीन मिळू शकतात. धनप्रभार टोकाच्या कार्बनवर दाखवला, तर त्या कणाचा गुण जातो. शेवटचा बाण मात्र त्या चुकीच्या चित्रावरही नीट काढला असेल, तर त्याचा गुण सहसा देतात. मला हे रास्त वाटतं, कारण या दोन चुका वेगळ्या आहेत. नुसतं अंतिम उत्तर लिहिणाऱ्याला इथे काहीच मिळत नाही.